मदत हवी आहे: दोन सिमच्या फोनमध्ये १९०९ ला मेसेज करूनही धंद्याच्या नंबरवर लोनवाल्यांचे फोन थांबत नाहीत

डब्बा_प्रतापनगर

नमस्कार मंडळी. मी नागपूरला प्रतापनगरात घरून डबे देते. बहुतेक गिऱ्हाइकं आयटी पार्कची पोरं आणि आजूबाजूच्या खोल्यांमधले विद्यार्थी. फोन सॅमसंगचा, दोन सिमवाला. सिम १ माझा जुना नंबर, बँकेला जोडलेला. सिम २ धंद्याचा, पत्रकावर छापलेला.

अडचणी अशा. कॉल परत करायला गेलं की माझ्या जुन्या नंबरावरून जातो, मग गिऱ्हाईक तोच नंबर सेव्ह करून ठेवतो. दुसरं, सिम २ वर दिवसातून आठ-दहा फोन लोनवाल्यांचे आणि प्लॉटवाल्यांचे येतात. काल सकाळी साडेअकराला, डबे भरायच्या ऐन वेळी, पोळी तव्यावर टाकून तीनदा हात पुसले आणि तिन्ही वेळा "मॅडम, पर्सनल लोन". पंधरा दिवसांपूर्वी १९०९ ला मेसेज पाठवला होता, नोंद झाल्याचं उत्तरही आलं. तरी फोन सुरूच आहेत. काय करू?

अनोळखी नंबर बंद करा असं कृपया सांगू नका. नवीन गिऱ्हाईक अनोळखीच असतो.

विदर्भवासी

ताई, फोनच्या ॲपमध्ये ब्लॉक नंबर्समध्ये जा, तिथे अननोन नंबर ब्लॉक करायचं बटण आहे, ते चालू करा. आणि १९०९ चा मेसेज पुन्हा एकदा पाठवा. एकदा पाठवून काही होत नाही, मी दोनदा पाठवला तेव्हा झालं.

काटोलरोड_काका

मला तर दोन्ही कंपन्यांच्या रेंजचाच प्रॉब्लेम आहे. १९०० वर PORT चा मेसेज टाका आणि कंपनी बदला, सगळी कटकट संपते.

तार_आणि_टॉवर

काका, पोर्ट केल्याने नंबर तोच राहतो, त्यामुळे लोनवालेही तेच राहतील.

ताई, मी बारा वर्षं मोबाईल दुरुस्तीत आहे, सीताबर्डीला. तुमचं नेमकं कुठे अडलंय ते सांगतो. नोंद झाल्याचं जे उत्तर आलं, ते उघडा आणि बघा, कोणत्या सिमवर आलंय? मेसेजवर १ किंवा २ चा छोटा आकडा असतो.

डब्बा_प्रतापनगर

थांबा बघते... दादा, १ आहे.

तार_आणि_टॉवर

मग झालं. १९०९ ची नोंद फोनची नसते, नंबराची असते. ज्या सिमवरून मेसेज गेला, तेवढ्याच नंबराची नोंद होते. तुमच्या फोनमध्ये मेसेजसाठी सिम १ ठरवलेलं आहे, म्हणून नोंद जुन्या नंबराची झाली. सिम २ आजही मोकळंच आहे. आणखी दहादा पाठवला तरी तो सिम १ वरूनच जाईल. विदर्भवासी दादांचा दुसऱ्यांदा पाठवलेला बहुतेक दुसऱ्या सिमवरून गेला असावा.

आता Settings मध्ये Connections, त्यात SIM manager उघडा. तिथे कॉल, मेसेज आणि मोबाईल डेटा या तिघांसाठी वेगवेगळं सिम ठरवता येतं. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: हे सगळं फक्त तुमच्याकडून जाणाऱ्या कॉल-मेसेजला लागू आहे. येणारे कॉल दोन्ही सिमवर येतच राहतात. कॉलसाठी सिम २ ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकाला धंद्याचा नंबर दिसेल. घरच्यांना जुन्या नंबरावरून करायची सवय असेल तर दर वेळी विचारणारा पर्याय निवडा, एक टॅप जास्त लागेल एवढंच. मेसेजसाठी आज तात्पुरतं सिम २ करा आणि १९०९ ला हे पाठवा:

```
START 0
```

उत्तर सिम २ वर आलं का ते बघा. मग मेसेज परत सिम १ वर आणा. कारण यूपीआयचं ॲप नव्याने चालू करताना बँकेला जोडलेल्या नंबरावरूनच मेसेज गेला पाहिजे, नाहीतर पडताळणी फसते. माझ्याकडे महिन्याला चार-पाच जण हेच घेऊन येतात.

मीनाक्षी_त्रिमूर्तीनगर

मला एक भीती आहे. START 0 केल्यावर ओटीपी बंद झाले तर? आणि डेटाचं सिम बदललं तर व्हॉट्सॲपचा नंबर बदलेल का? माझा शिवणकामाचा धंदा त्याच्यावरच आहे.

तार_आणि_टॉवर

नाही, ताई. ओटीपी आणि खात्याचे मेसेज जाहिरातीत मोडत नाहीत, ते येत राहतात. व्हॉट्सॲप ज्या नंबरावर नोंदवलंय त्याच नंबरावर राहतं, डेटा कोणत्याही सिमचा चालो. मात्र एका सिमवर बोलताना दुसऱ्या सिमचा डेटा बऱ्याच फोनमध्ये थांबतो. म्हणून जास्त बोलणं ज्या सिमवर, डेटाही त्याच सिमवर ठेवलेला बरा. डब्बा ताईंसाठी दोन्ही सिम २ वर.

विदर्भवासी

आणि माझं ते अननोनवालं बटण? मी चालू करून ठेवलंय, तरी लोनवाले येऊनच राहिले ना!

तार_आणि_टॉवर

दादा, ते बटण नंबर लपवून येणाऱ्या कॉलसाठी आहे. ज्याचा नंबर दिसतो पण तुमच्या यादीत नाही, तो त्यातून सुटतो. एकेक नंबर ब्लॉक केला तर तो दोन्ही सिमसाठी होतो, पण लोनवाले रोज नवा दहा आकडी नंबर वापरतात. त्यापेक्षा फोन ॲपच्या सेटिंगमध्ये Caller ID and spam protection चालू करा. त्यात दोन पर्याय आहेत. धंदा असेल तर सगळे स्पॅम अडवणारा घेऊ नका, फक्त जास्त धोक्याचे अडवणारा घ्या. खरं गिऱ्हाईकही कधीकधी स्पॅम म्हणून ठरलेलं असतं.

सिम १ वर अनोळखी फोन नकोच असतील तर Sounds and vibration मध्ये दोन्ही सिमची रिंगटोन वेगळी ठेवता येते. सिम १ ला Silent लावा आणि घरच्यांना त्यांच्या नावापुढे वेगळी रिंगटोन द्या. मग सिम १ वर फक्त घरचेच वाजतील, बाकीचे मिस्ड कॉलमध्ये दिसतील. फक्त गॅसवाला, कुरिअरवालाही वाजणार नाही, हे धरून चाला.

डब्बा_प्रतापनगर

नऊ दिवसांनी लिहिते आहे. सिम २ वरून START 0 पाठवला, उत्तर २ वर आलं. १४० ने सुरू होणारे फोन जवळपास बंद झाले. सिम १ ची युक्ती तर फारच कामाची, आईच्या फोनची रिंगटोन वेगळी असल्याने तव्यापाशी उभ्यानेच कळतं.

पण साध्या दहा आकडी नंबरावरून अजून दिवसाला दोन-तीन येतात. त्यातला एक म्हणाला, "तुम्हीच फॉर्म भरला होता." खरंच मी मार्चमध्ये गॅसशेगडीच्या हप्त्यासाठी एका साइटवर नंबर टाकला होता.

तार_आणि_टॉवर

तिथेच संमतीची खूण केली गेली असेल. स्वतः संमती दिली असेल तर त्या कंपनीपुरती १९०९ ची नोंद चालत नाही, आधी संमती काढून घ्यावी लागते. बाकीच्यांची तक्रार १९०९ लाच करा: कशाबद्दल फोन होता, त्यांचा नंबर आणि तारीख. फोन आल्यापासून तक्रार करायची मुदत आधी तीन दिवस होती, २०२५ मध्ये सात केली. इथेही तेच, तक्रार सिम २ वरूनच गेली पाहिजे.

विदर्भवासी

आणि संमती काढून कशी घ्यायची, फॉर्म भरला ती साइटच आता उघडत नसेल तर?