मदत हवी आहे : मिक्स बियांचं पाकीट घ्यावं की बिया सुट्ट्या?

'सुपरफूड सीड मिक्स' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं २५० ग्रॅमचं पाकीट हातात आहे. समोर चिया आणि भोपळ्याच्या बियांचा झकास फोटो. मागच्या बारीक अक्षरांत मात्र सूर्यफूल ५० टक्के, जवस ३०, भोपळा १५ आणि चिया फक्त ५ टक्के. म्हणजे अख्ख्या पाकिटात चिया साडेबारा ग्रॅम, जेमतेम एक मोठा चमचा! याच प्रमाणात चारही बिया सुट्ट्या घेतल्या तर जवळपास निम्म्या पैशांत काम होतं, कारण सूर्यफूल आणि जवस मुळात स्वस्त. फोटो महागाचा, माल स्वस्ताचा.

मला मुख्यतः ओमेगा-३ हवंय. ते जवसात चियापेक्षा थोडं जास्तच असतं, त्यामुळे चिया सोडून द्यायचा विचार आहे. अडचण एवढीच की अख्खं जवस बऱ्याचदा न पचताच बाहेर पडतं, म्हणून दळावं लागतं. आणि दळलेलं लवकर खवट होतं, त्यामुळे तयार पावडर घ्यायला मन धजत नाही. चिया न दळताही भिजवून चालतं, हा तिचा खरा फायदा.

जाणकारांनी सांगावं : जवसाची पूड फ्रीजमध्ये घट्ट डब्यात किती दिवस चांगली राहते? आणि सोललेल्या भोपळ्याच्या बिया सुट्ट्या घेताना जुना माल कसा ओळखता? कडवट चव आणि रंगासारखा वास एवढंच मला ठाऊक आहे, पण दुकानात प्रत्येक वेळी चाखू देतीलच असं नाही.