मदत हवी आहे: ‘कशातच मन लागत नाही’ हे डॉक्टरांना सांगायचं कसं?

गोदाकाठ: मागच्या महिन्यात फॅमिली डॉक्टरांकडे गेले होते. बाहेर ही गर्दी. "काय होतंय?" विचारल्यावर तोंडून निघालं, "थकवा येतो, पित्त वाढलंय." पित्ताच्या गोळ्या आणि टॉनिक घेऊन घरी. खरं दुखणं आतच राहिलं. गुरुवारी परत जायचंय, पाचेक मिनिटं मिळतील. काय तयारी करू?

घाटमाथा: थायरॉइड आणि बी-१२ तपासा. माझं बी-१२ कमी होतं, इंजेक्शनं घेतली, ठणठणीत झालो. मनाबिनाचं काही नसतं हो.

जुनी_ओपीडी: तालुक्याच्या गावी बरीच वर्षं दवाखाना चालवलाय म्हणून लिहितो. तपासण्या कराच, पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे त्रास खोटा, असं नव्हे. गोदाकाठ, पहिलं वाक्य घरूनच ठरवून जा. ‘पित्त’ म्हणालात की मी पोट तपासणार, त्यातच वेळ संपणार. कधीपासून, झोप कशी, आणि पूर्वी करत होतात त्यातलं काय सुटलं?

पावसाळी: आमच्या सासूबाईंनाही झोप नाही. पुण्यात कोणी चांगले डॉक्टर?

घाटमाथा: ताई, वेगळा धागा काढा ना.

गोदाकाठ: दोन महिने झाले. पहाटे चारला जाग येते, मग झोप नाही. भिशीला जात नाही, पेटीला हात लावला नाही. ऑफिसात साध्या बेरजा चुकतात.

जुनी_ओपीडी: मग हेच म्हणा: "डॉक्टर, दोन महिने जवळजवळ रोज उदास वाटतंय, पहाटे चारला जाग येते, पेटी सुटली, कामात चुका होतात." एवढं बोलायला अर्धा मिनिट लागत नाही. चिठ्ठीवर लिहून न्या, रडू आलं तर चिठ्ठीच पुढे करा. तिच्यामागे चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिहा, आयुर्वेदिकसुद्धा. आणि आयुष्यात कधी याच्या उलट दिवस आले होते का तेही लिहा: झोप कमी, तरी अंगात उत्साह मावत नाही, खर्चाला धरबंध नाही. ते कळलं नाही आणि नुसती उदासीची गोळी सुरू झाली, तर काहींचं गाडं दुसऱ्या टोकाला जातं.

गोदाकाठ: नवरा सोबत येतो. त्याच्यासमोर बोलवत नाही.

पावसाळी: त्यांना बाहेर बसवा.

जुनी_ओपीडी: मी उलट म्हणेन. आधी दोन मिनिटं एकट्या बोला, मग त्यांना बोलवा. पेशंटला स्वतःचा बदल दिसत नाही, घरच्यांना दिसतो. पण जमेल ते करा.

गोदाकाठ: एक विचारू? मरावंसं वाटत नाही. पण झोपताना वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. हे सांगायचं असतं का?

जुनी_ओपीडी: हो, आणि सगळ्यात आधी. शब्द बदलू नका, असंच्या असं सांगा. गुरुवारची वाट पाहू नका, उद्याच जा. रात्रीत विचार वाढले तर नवऱ्याला उठवा आणि १४४१६ लावा. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

गोदाकाठ: उद्या सकाळी जाते. चिठ्ठी लिहायला घेतलीय.