यल्ला आणि खलास: बोलण्यात कुठे, कशासाठी?

मेघना_शारजा
मी शारजात एका बांधकाम कंपनीत खरेदी बघते. आज एका सीरियन पुरवठादाराशी फोन झाला. सगळं बोलणं इंग्रजीत झालं, पण शेवटी गडी एकदम अरबीत शिरला. मला ऐकू आलं ते असं: "तय्यिब… खलास, बुक्रा अत्तमानिये. यल्ला… यल्ला, सलाम." बुक्रा म्हणजे उद्या आणि तमानिये म्हणजे आठ, एवढं मला कळतं. पण खलास म्हटलं की आपल्या कानाला 'संपलं, मेलं' असंच ऐकू येतं. मग उद्या आठला माल येणार की बेत रद्द झाला? मला गेटपास काढायचा आहे. आणि यल्ला दोनदा का? कोणाला घाई करतोय तो?

कादिर_रत्नागिरी
बाय, गेटपास काढ. माल येणार.
मी कुवेतला स्टोअरकीपर होतो, आयुष्याची उमेदीची वर्षं तिथेच गेली. खलास म्हणजे काम पुरं झालं, एवढं धरून चाल. आमच्या साइटवर मल्याळी, बंगाली, फिलिपिनो, आपले कोकणातले, सगळ्यांची मिळून एक मोडकी अरबी चालायची. तिच्यात खलास क्रियापदाला लावलं की ते काम उरकलं असं समजायचं. 'अना खलास अकिल' म्हणजे मी जेवलो. 'अना खलास कलाम मुदीर' म्हणजे मॅनेजरशी माझं बोलणं झालं. आणि नकाराला 'माफी'. तेवढ्यावर माणसं रिटायर झाली.

बाळू_बेळगाव
यल्ला हा शब्द आपल्याकडचाच असणार. कानडीत 'एल्ला' म्हणजे सगळे. 'सगळे चला' असं असेल. शिवाय यल्लम्मा आहेच.

अश्विनी_कैरोपुणे
बाळूदादा, कल्पना गोड आहे, पण नाही. यल्ला म्हणजे 'या अल्ला', हे देवा, बोलताना आखडलेलं. देवाचं नाव घेऊन कामाला हात घालायचा, तसं. आता म्हणणाऱ्याच्या मनात देव असतोच असं नाही. ख्रिस्ती लेबनीजही म्हणतात, नास्तिकही म्हणतात.

मेघना, तुझ्या वाक्याकडे येते. कादिरभाईंचं उत्तर बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण इथे लागू पडत नाही. 'अना खलास अकिल' ही आखाती कामगारांची अरबी. तुझा सीरियन माणूस त्याच्या घरच्या बोलीत बोलत होता. त्याला 'मी संपवलं' म्हणायचं असतं तर तो 'खल्लस्त' म्हणाला असता. ते क्रियापद आहे, त्याला कर्ता लागतो. सुटं 'खलास' हे क्रियापद नव्हे, तो बोलण्याला मारलेला शिक्का आहे. कशावर मारला ते पुढच्यामागच्या शब्दांवरून कळतं. इथे त्याच्या पाठोपाठ दिवस आणि वेळ आली, म्हणजे 'ठरलं मग, उद्या आठला'. बेत मोडायचा असता तर खलासनंतर नकार आला असता, 'खलास, मा बिद्दी', म्हणजे 'राहू दे, नको मला'. तेव्हा एकट्या खलासवरून काहीच ठरवू नकोस, त्याच्या पुढचा शब्द ऐक.

मेघना_शारजा
म्हणजे एकच शब्द 'ठरलं' पण आणि 'राहू दे' पण? मग लोक भांडत कसे नाहीत?

अश्विनी_कैरोपुणे
भांडतात की! पण सहसा सूर सांगून जातो. मी कैरोत शिकत होते तेव्हा ज्या घरी राहायचे, तिथे एका संध्याकाळी हा शब्द इतक्या परींनी कानावर यायचा. मुलं मारामारी करायला लागली की आईचं तोडून टाकलेलं 'खलास!', म्हणजे पुरे. धाकटी रडायला लागली की तिला जवळ घेऊन लांबवलेलं 'खलाऽस, खलाऽस', म्हणजे झालं हं, उगी. नवऱ्याने काही आणायला विसरल्याची कबुली दिली की 'मालेश, खलास', म्हणजे असू दे, जाऊ दे. भाजीवाल्याशी घासाघीस संपली की 'खलास', म्हणजे जमलं, दे. या सगळ्यांत अर्थ एकच आहे, हा विषय आता पुढे नेऊ नये. विषय गोडीने मिटला, वैतागून मिटला की रडून मिटला, ते आवाज सांगतो.

प्रश्न म्हणूनही येतो. वर चढत्या सुरात 'खलास?' म्हणजे झालं का, ठरलं का. त्याला उत्तर परत 'खलास'च.

अल_ऐनचा_पाटील
इथे खलास नावाचा खजूर मिळतो, मऊ, मधासारखा. अल ऐन आणि सौदीतल्या अल-अहसाचा नावाजलेला. दुकानदार 'खलास, खलास' ओरडत होता, मला वाटलं माल संपला, मी पुढे निघालो. त्याने हात धरून परत आणलं. अरबीत दोन्ही एकसारखंच लिहितात. गावी येताना तोच आणतो आता.

कादिर_रत्नागिरी
हा हा, खजूर बरोब्बर. मेघनाबाय, यल्लाचं राहिलं. यल्ला म्हणजे 'चल, लवकर'. फोरमन सकाळी बसजवळ उभा राहून 'यल्ला यल्ला यल्ला' करायचा. तिथे दुसरा अर्थ नाही.

अश्विनी_कैरोपुणे
फोरमनच्या तोंडी नसेल. पण मेघनाच्या फोनमध्ये घाई कुठेच नाही, कादिरभाई. ते 'यल्ला' म्हणजे आपलं फोनवरचं 'चला'. आपण नाही का म्हणत, "बरं… चला… ठेवू मग?" तेव्हा आपण कोणाला कुठे नेत नसतो. बोलणं आवरायची परवानगी मागत असतो. लगेच ठेवला तर उद्धटपणा वाटतो, म्हणून समोरच्याला एक संधी देतो, काही राहिलं असेल तर बोल.

तेच त्या दोन यल्लांत आहे. पहिलं यल्ला म्हणजे 'माझ्याकडून आवरलं'. मग तो थांबला. तू लिहिलेले ते तीन टिंब महत्त्वाचे आहेत. तिथे तू 'ओके, थँक यू' असं काहीतरी म्हणाली असणार. मग दुसरं यल्ला, सलामसकट, आणि फोन बंद. व्यवहारात याचा उपयोग असा, की गेटचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, असं काही विचारायचं राहिलं असेल तर पहिल्या यल्लानंतर लगेच विचार. दुसऱ्यानंतर विचारलंस तर तो ऐकेल, पण फोन एव्हाना कानापासून दूर गेलेला असतो.

मेघना_शारजा
अगदी! मी 'थँक यू सर' म्हटलं होतं आणि ड्रायव्हरचा नंबर विचारायचा राहिलाच. पण मग ऑफिसातला लेबनीज इंजिनीअर, त्याला हाक मारली की जागेवरूनच 'यल्ला, यल्ला' म्हणतो आणि उठत मात्र नाही. हे कुठलं?

अश्विनी_कैरोपुणे
ते 'आलो, आलो'. आपल्याकडे 'आलो' म्हणणारा माणूस जितका लवकर येतो, तितकाच तोही येतो. लेव्हंटमध्ये, म्हणजे लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइनकडे, हे फार. त्याला घाई करायची म्हणून तू उलट 'यल्ला!' म्हणालीस तर दोघांची यल्ला टक्कर होईल आणि कोणीच हलणार नाही.

अश्दोदकर
मी बेने इस्राएल, अश्दोदला राहते. आईवडील अलिबागकडचे, घरी मराठीच. आमच्याकडे हिब्रूतही हे दोन्ही शब्द सर्रास आहेत, अरबीतूनच आलेले. फोन संपवताना 'यल्ला बाय' तर सगळेच म्हणतात. पण खलास हिब्रूत शिरताना बहुतेक एकच अर्थ घेऊन आलं, 'पुरे कर!' 'ठरलं' म्हणून मी तरी ऐकलं नाही. म्हणून अश्विनी म्हणतात तसं गोंजारणारं खलास मला नवीन आहे. आमच्याकडे कोणी रडत्या मुलाला 'खलास' म्हटलं तर ते आणखी रडेल.

बाळू_बेळगाव
आपल्या मराठीतही तोच आला ना? 'तो खलास झाला' म्हणजे मेला. आणि खलाशी? तोही यातलाच का? आता तरी सांगा, की हाही माझा भलता तर्क?

अश्विनी_कैरोपुणे
खलास तिथूनच, फारसीमार्गे आलं. मूळ धातूत सुटणं, मोकळं होणं, शुद्ध होणं असे अर्थ आहेत. म्हणून आपल्याकडे त्याच घरातले इतके शब्द आहेत की ते नातेवाईक वाटतच नाहीत. निखालस त्यातलाच, खुलासा त्यातलाच, 'संस्थान खालसा केलं' तेही त्यातलंच. खलाशीही त्यातलाच म्हणतात, पण 'सुटलेला' पासून जहाजावरचा माणूस कसा झाला याच्या गोष्टी मी दोनतीन ऐकल्यात आणि एकही पटलेली नाही.

मुंबईच्या बोलीत खलासला मारामारीचा वास लागला आहे. आपल्याला अरबी खलास दचकवतो तो त्यामुळे. अरबाच्या कानाला त्यात रक्त नसतं.

कादिर_रत्नागिरी
यल्लाचा अजून एक अर्थ सांगतो, कैरोवाल्या ताईंना कदाचित नवा. कुवेती म्हातारा 'यल्ला लहगत' म्हणायचा, म्हणजे कसाबसा पोचलो. तिथे ना चल, ना फोन ठेव.

अश्विनी_कैरोपुणे
बरोबर, हा आखाती अर्थ, कैरोत तो कोणी बोलणार नाही. आणि आणखी एक गोष्ट, आखडलेलं यल्ला आणि पूर्ण 'या अल्ला' यांत गल्लत करू नये. परका पुरुष कोणाच्या घरात पाऊल टाकताना मोठ्याने 'या अल्ला' म्हणतो, ते आतल्या बायकांना सावध करायला. ते ऐकून कोणी बाहेर निघायची तयारी केली तर गंमत होईल. पश्चिमेकडे गेलात तर खलासची जागाही बदलते. मोरोक्कोत त्या ठिकाणी 'साफी' ऐकू येतं.

मेघना_शारजा
शेवटचं. माझे वरिष्ठ इजिप्शियन आहेत. त्यांनी काम सांगितलं की मी 'खलास सर' म्हणू शकते का? मला ते जमेल असं वाटतंय.

अश्विनी_कैरोपुणे
नको. काम सांगितल्यावर 'हादिर' म्हण, म्हणजे हो, लगेच करते. 'तमाम'ही चालेल. खलास म्हणजे शेवट तू करते आहेस. वरिष्ठांच्या बोलण्याचा शेवट त्यांनी करावा. काम उरकल्यावर सांगायला मात्र 'खल्लस्त' म्हण, ते व्यवस्थित बसतं.

कादिर_रत्नागिरी
हे मला पटत नाही. मी साहेबाला आयुष्यभर 'खलास बाबा' म्हणत आलो, तो हसायचा. दुसरा अरब 'इन्शाल्ला' म्हणायचा, तेही चालायचं.

अश्दोदकर
कादिरभाई, तुम्ही कामगारांच्या अरबीत बोलत होतात. त्यांना ठाऊक होतं की तुमच्याकडे तेवढाच शब्द आहे. मेघना इंग्रजीत बोलते, तिने एकच अरबी शब्द उचलून वापरला तर तो जास्त जोरात वाजेल.

कादिर_रत्नागिरी
असेल. पण साहेब हसायचा ते खरं होतं, बाय.