शब्दचर्चा : जुन्या पुरवठादारांची देणी ‘राइट बॅक’ करणं, याला मराठीत काय लिहावं?

पोटनोंद (इंदूर): सांवेर रोडवरच्या एका भागीदारी फर्मचे हिशेब मी बघते. हिशेब टॅलीत इंग्रजीत आहेत, पण थोरल्या दोन्ही भागीदारांना वर्षाअखेरीचं टिपण मराठीत लागतं. खोक्यांच्या एका पुरवठादाराचे 2,36,000 रुपये नोव्हेंबर 2020 च्या बिलापासून देणे दिसताहेत. त्याचं दुकान बंद झालंय, जीएसटी नंबर रद्द आहे, मागणीही नाही. 31 मार्च 2025 ला ती रक्कम उत्पन्नात घ्यायची ठरलीय. मी टिपणात ‘बुडीत देणी’ लिहिलं होतं. ते बरोबर आहे का? ‘निर्लेखित देणी’ म्हणू का?

शुद्धलेखन: ‘निर्लेखन’ हा राइट ऑफसाठी रुळलेला शब्द आहे, बँकांच्या कर्जांच्या बातम्यांत तोच असतो. तो वाचला की माणसाला तोटा आठवतो. तुमच्याकडे उलट आहे, रक्कम उत्पन्नात येतेय. आणि ‘बुडीत’ तर नकोच. बुडतं ते येणं. देणं बुडालं असं म्हटलं तर पुरवठादाराचं बुडालं असा अर्थ होतो.

सियागंज: शब्दाचं नंतर बघा. नोव्हेंबर 2020 चं बिल म्हणजे तीन वर्षं कधीच झाली. मुदत संपली की देणं आपोआप संपतं आणि उत्पन्न होतं. 2023-24 मध्येच घ्यायला हवं होतं. ‘मुदतबाह्य देणी जमा’ लिहा, काम संपलं.

जुनी खतावणी: सियागंजभाऊ, अर्धं बरोबर आहे. 1963 च्या मुदत कायद्याने तीन वर्षांनी संपतो तो दावा लावण्याचा हक्क. देणं त्याने मरत नाही. सुगौली शुगर वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली हेच सांगितलं, आणि आपल्या वहीत एकतर्फी नोंद केल्याने देणं संपत नाही असंही सांगितलं. पण ते प्रकरण जुन्या कायद्याखालचं होतं. 1 एप्रिल 1997 पासून आयकराच्या कलम 41(1) ला स्पष्टीकरण जोडलं गेलं. त्यानुसार आपण स्वतः वहीत रक्कम राइट ऑफ केली, तरी त्या वर्षी ते उत्पन्न धरलं जातं. म्हणजे कराचं वर्ष नोंदीवरून ठरेल. ताईंनी 2024-25 मध्ये नोंद केली तर उत्पन्न 2024-25 चं. म्हणून ‘मुदतबाह्य’ हा शब्द कारण म्हणून चालेल, शीर्षक म्हणून नको. त्यातून असं वाटेल की तारीख उलटली एवढ्यानेच पैसे आपले झाले.

सियागंज: पण नोंद न करता ती रक्कम वर्षानुवर्षं देण्यात ठेवली तर अधिकारी विचारतोच की.

जुनी खतावणी: विचारतो, आणि पुरवठादार सापडत नाही म्हणून उत्पन्नात धरूही बघतो. त्यावर वाद होतात, निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. म्हणून तर जी रक्कम खरंच द्यायची नाही ती लटकवत ठेवू नये. पण ताई, आधी एक सांगा, ही बाकी खरी आहे का? त्याच पुरवठादाराची दोन नावांनी दोन खाती आहेत का, एकात जमा बाकी आणि दुसऱ्यात अ‍ॅडव्हान्स नावे? माल परत गेला होता आणि डेबिट नोट टाकायची राहिली असं तर नाही?

पोटनोंद: दोन खाती नाहीत. माल परत गेला नाही. खोकी ओलसर होती म्हणून वाद झाला, बिल अडवलं, पण खोकी वापरली. डेबिट नोट नाही.

जुनी खतावणी: मग ठीक. माल परत गेला असता तर ही ‘खरेदी परत’ झाली असती, उत्पन्न नव्हे. दोन खात्यांची बाब असती तर नुसती एकमेकांत वळती झाली असती. बहुतेक चुका इथेच होतात. खोटी बाकी उत्पन्नात जाते आणि तिचा जोड अ‍ॅडव्हान्स म्हणून मालमत्तेत पडून राहतो. मग दोन-तीन वर्षांनी तोच अ‍ॅडव्हान्स तोट्यात टाकावा लागतो. आता सांगा, 2,36,000 मध्ये जीएसटी किती?

पोटनोंद: मालाचे 2,00,000, त्यावर जीएसटी 36,000. पुरवठादार इंदूरचाच, त्यामुळे सीजीएसटी 18,000, एसजीएसटी 18,000. क्रेडिट तेव्हाच घेतलं होतं. मी पूर्ण 2,36,000 उत्पन्नात टाकलेत.

जुनी खतावणी: इथेच गाडी अडते. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. जीएसटी कायद्याच्या कलम 16(2) चं परंतुक आणि नियम 37. तुमच्या बिलाचे 180 दिवस मे 2021 मध्येच भरले. तेव्हा क्रेडिट परत केलं नसेल तर आता केलंच पाहिजे, कारण राइट बॅक करून तुम्ही स्वतःच लिहून देताय की हे पैसे कधीच दिले जाणार नाहीत. नोंद अशी होईल:

```
पुरवठादार खाते       नावे    2,36,000
  इनपुट सीजीएसटी     जमा       18,000
  इनपुट एसजीएसटी     जमा       18,000
  जुनी देणी जमा       जमा    2,00,000
```

उत्पन्न 2,00,000 एवढंच. कलम 41(1) सुद्धा तेवढ्यालाच लागतं. ते लागायला आधी खर्च म्हणून वजावट मिळालेली असावी लागते, आणि 36,000 तुम्ही कधी खर्चात टाकलेच नव्हते, क्रेडिट म्हणून घेतले होते. क्रेडिट 2021 मध्येच परत करून ते 36,000 खर्चात टाकले असते, तर आज पूर्ण 2,36,000 उत्पन्न झालं असतं. म्हणून जुनी जीएसटीआर-3बी उघडून बघितल्याशिवाय आकडा ठरवू नका.

सियागंज: व्याज कुठून मोजायचं? क्रेडिट घेतलं त्या दिवसापासून की 180 दिवसांनंतर?

जुनी खतावणी: यावर मतं एक नाहीत. नियम 37 चा मजकूर ऑक्टोबर 2022 पासून बदललाय, आणि क्रेडिट नुसतं लेजरमध्ये पडून होतं की वापरलं गेलं हेही बघावं लागतं. 18 टक्क्यांनी वर्षाला 6,480 होतात. सीएना विचारून भरा. मी इथे एक तारीख ठोकून सांगणार नाही.

रामबागवाला: माझंही असंच आहे. देवासच्या एका दुकानदाराकडे 85,000 अडकलेत, तो फोन उचलत नाही. मीही ‘जुनी देणी जमा’ करू का?

शुद्धलेखन: दादा, ते तुमचं येणं आहे. तुमचे 85,000 तोट्यात जातील, तिथे ‘बुडीत उधारी’ हाच शब्द बरोबर. इथे चाललंय ते उलट बाजूचं.

रामबागवाला: बरं बरं. आमच्याकडे छोटी बाकी उरली की दोन्हीकडून ‘वटाव’ खात्यातच टाकतात, म्हणून घोटाळा झाला.

जुनी खतावणी: पाच-पन्नास रुपयांची कसर वटावात जाऊ दे. दोन लाख वटावात टाकले तर वाचणाऱ्याला वाटेल की पुरवठादारांनी सूट दिली. त्याहून वाईट म्हणजे खरेदीतून वजा करणं. मग यंदाची खोकी स्वस्त पडल्यासारखी दिसतात आणि ढोबळ नफा फुगतो. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाला भाव देताना तोच खोटा नफा डोक्यात राहतो. ताई, तुमच्या कच्च्या हिशेबात यंदाचा नफा किती आलाय?

पोटनोंद: 2,36,000 धरून 9,86,000. गेल्या वर्षी 7,80,000 होता. भागीदार खूश आहेत.

जुनी खतावणी: दुरुस्तीनंतर 9,50,000. त्यातले 2,00,000 काढले तर धंद्याचा नफा 7,50,000, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा 30,000 कमी. आणि व्याज धरलं की आणखी खाली. हे टिपणात शब्दांत लिहा, आकडा नुसता ‘इतर उत्पन्न’मध्ये लपवू नका. भागीदार नफा बघून उचल वाढवतील, पण या 2,00,000 पैकी एक रुपयाही यंदा बँकेत आलेला नाही. उलट बाहेर जाईल. फर्मचा 30 टक्के कर आणि 4 टक्के उपकर मिळून 62,400, शिवाय 36,000 क्रेडिट गेल्यामुळे पुढचा जीएसटी तेवढा जास्त भरायचा.

पोटनोंद: हे मी भागीदारांना सांगितलेलंच नाही. मग ओळ काय लिहू? ‘देणी माफ’ कसं वाटतं?

शुद्धलेखन: माफ समोरचा करतो. इथे पुरवठादाराने काही लिहून दिलेलं नाही.

जुनी खतावणी: हो, आणि त्याने लिहून दिलं असतं तर कागदही वेगळा जोडावा लागला असता. मी लिहितो: ‘देय नसलेली जुनी देणी उत्पन्नात जमा’. खाली एक ओळ: ‘नोव्हेंबर 2020 च्या खोक्यांच्या बिलाची रक्कम, 2,00,000 रुपये, रोख आलेली नाही, हा चालू धंद्याचा नफा नाही.’ लेखापरीक्षण असेल तर हाच आकडा फॉर्म 3सीडीच्या कलम 25 मध्येही जातो. फाइलमध्ये मूळ बिल, ओलसर मालाबद्दल पाठवलेली पत्रं, जीएसटी नंबर रद्द असल्याची छापील प्रत आणि भागीदारांची सही असलेला निर्णय ठेवा. उद्या तो माणूस उभा राहिला आणि पैसे दिलेच, तर ते त्या वर्षीच्या खर्चात जातील. जुनी नोंद उलटवायला जाऊ नका.

टॅलीत जर्नल करताना त्या बिलासमोर `Agst Ref` निवडा. `On Account` ठेवलं तर खात्याची बाकी शून्य होते, पण थकीत बिलांच्या यादीत ते बिल आणि उलटी रक्कम दोन्ही तशीच दिसत राहतात.

शुद्धलेखन: ओळ लांब आहे, पण अर्थ नेमका आहे. ‘जमा’ आणि ‘नावे’ हे शब्द तरी इंदुरात अजून सगळ्यांना कळतात. मला ‘देय नसलेली’ ऐवजी ‘आता देय न राहिलेली’ बरं वाटतं. आधी देय होती हे त्यातून कळतं.

सियागंज: मशीनच्या पुरवठादाराची बाकी असेल तर? आमच्याकडे डाय-कटिंग मशीनचे दीड लाख असेच पडलेत.

जुनी खतावणी: तिथे ही ओळ वापरू नका. मशीनची किंमत खरेदी म्हणून खर्चात गेली नव्हती, म्हणून 41(1) सरळ लागत नाही. माझ्या मते ती रक्कम मशीनच्या किमतीतून कमी करून घसारा पुढे त्यावर काढावा. आधी काढलेल्या घसाऱ्याचं काय यावर मात्र दोन सीए दोन उत्तरं देतील.

पोटनोंद: आणखी एक बाकी आहे, 2023-24 ची, लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या शाई उत्पादकाची, 48,000. तीही याच ओळीत घालू?

जुनी खतावणी: ती वेगळी ठेवा. 2023-24 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 15 किंवा 45 दिवसांच्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खर्चाची वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही, कलम 43बी(एच). त्या वर्षीच्या विवरणपत्रात हे 48,000 नफ्यात परत मिळवले होते का बघा. मिळवले असतील तर त्यावर कर भरून झालाय. आता वहीत उत्पन्न दाखवलं तरी कराच्या गणनेत ते वजा करावं लागेल, नाहीतर एकाच रकमेवर दोनदा कर जाईल. आणि त्याचा कारखाना चालू असेल तर दोन वर्षांच्या बाकीला हात लावू नका. आधी बाकीची खात्री करून घेणारं पत्र पाठवा.

पोटनोंद: चालू आहे. पत्र उद्या पाठवते.