एकाच प्लेटवर ०.५ आले, तर त्याला सिनर्जी म्हणावे काय?

शोधार्थी (नागपूर)

कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या असिनेटोबॅक्टर बाउमानीच्या एका आयसोलेटवर मी कॉलिस्टिन आणि मेरोपेनेमचे चेकरबोर्ड लावले. एकट्या कॉलिस्टिनची एमआयसी १ आणि एकट्या मेरोपेनेमची ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आली. कॉलिस्टिन ०.२५ सोबत मेरोपेनेम १६ असलेली वेल स्वच्छ राहिली, म्हणजे एफआयसीआय नेमका ०.५ झाला. निकषच '०.५ किंवा त्याहून कमी' असा असल्यामुळे प्रबंधात ही सिनर्जी म्हणून नोंदवावी, असे माझे मत आहे. मार्गदर्शकांना ते मान्य नाही. आपणास काय वाटते?

सूक्ष्मजीवशास्त्र, धंतोली

मी आपल्या मार्गदर्शकांच्या बाजूने आहे, परंतु त्याचे कारण समजून घेतले नाही तर हा केवळ अधिकाराचा वाद ठरेल. ब्रॉथ मायक्रोडायल्युशनमध्ये आपण प्रत्येक पायरीला औषध निम्मे करत जातो, आणि एकच आयसोलेट पुन्हा तपासला असता एमआयसी एक पायरी वर किंवा खाली सरकणे हे या पद्धतीत मान्यच आहे. म्हणजे आपली १ ही उद्या ०.५ किंवा २ येऊ शकते. एकट्या कॉलिस्टिनची एमआयसी ०.५ वाचली गेली, तर त्याच स्वच्छ वेलसाठी हिशोब असा होतो:

०.२५/०.५ + १६/६४ = ०.५ + ०.२५ = ०.७५

आणि ती २ वाचली गेली, तर:

०.२५/२ + १६/६४ = ०.१२५ + ०.२५ = ०.३७५

जंतू तोच, औषधे तीच आणि स्वच्छ वेलही तीच, तरीही एका वेलच्या वाचनावर निष्कर्षाचे नाव बदलते. एफ. सी. ऑड्स यांनी २००३ मध्ये ०.५ पर्यंत सिनर्जी, ४ च्या वर अँटॅगोनिझम आणि मधल्या सर्व आकड्यांना 'परस्परक्रिया नाही' असे म्हणावे ही जी शिस्त सुचवली, तिच्यामागे पद्धतीच्या याच अनिश्चिततेचा विचार होता. बरोबर रेषेवर बसलेला एका प्लेटचा आकडा त्या शिस्तीत सर्वांत कच्चा असतो.

आणखी एक गोष्ट विचारतो. आपण एकच वेल सांगितली आहे. कॉलिस्टिनच्या बाकीच्या ओळींत मेरोपेनेमची कोणती वेल पहिल्यांदा स्वच्छ दिसली, आणि ०.२५ च्या ओळीत १६ च्या पुढच्या ३२ व ६४ च्या वेलही स्वच्छ आहेत ना?

शोधार्थी (नागपूर)

होय, ०.२५ च्या ओळीत १६ पासून पुढे सर्व वेल स्वच्छ आहेत. कॉलिस्टिन ०.५ सोबत मेरोपेनेम २ ला वाढ थांबली, ०.१२५ सोबत ३२ ला आणि ०.०६ सोबत ६४ ला. परंतु बहुतेक शोधनिबंधांत सर्वांत कमी एफआयसीआयच दिला जातो, म्हणून मी तो घेतला.

निवृत्त प्राध्यापक

शोधार्थ्याचे म्हणणे मला पटते. निकष ठरवताना '०.५ पेक्षा कमी' असे न म्हणता '०.५ किंवा त्याहून कमी' असे म्हटले आहे, तेव्हा रेषेवरचा आकडा आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा हा प्रश्नच उरत नाही. शिवाय ०.५ ते १ या पट्ट्याला आम्ही वर्षानुवर्षे बेरजेचा परिणाम म्हणत आलो. त्यामुळे आकडा पुढे ०.७५ आला तरी दोन्ही औषधे एकमेकांना हातभार लावत आहेत, हे नाकारता येणार नाही.

सूक्ष्मजीवशास्त्र, धंतोली

प्राध्यापक महोदय, रेषेविषयी आपण म्हणता ते शब्दशः बरोबर आहे, परंतु बेरजेच्या परिणामाविषयी मी सहमत नाही. एकच औषध त्याच्याच विरुद्ध चेकरबोर्डमध्ये लावले, तर निम्मे अधिक निम्मे मिळून एफआयसीआय १ यायला हवा, आणि केवळ एका पायरीच्या चढउताराने तो ०.७५ वाचला जाऊ शकतो. जे औषध स्वतःलाच मदत करत असल्याचे दिसू शकते, त्या पट्ट्यात दोन वेगळ्या औषधांनी एकमेकांना हातभार लावला असे कसे म्हणावे?

आता शोधार्थ्याच्या आकड्यांकडे येऊ. स्वच्छ आणि गढूळ वेलच्या सीमेवरील चार जोड्यांचा एफआयसीआय अनुक्रमे ०.५३, ०.५०, ०.६३ आणि १.०६ येतो, आणि त्यांची सरासरी ०.६८ होते. म्हणजे सर्वांत कमी आकडा घेतला तर सिनर्जी, सरासरी घेतली तर परस्परक्रिया नाही. चार जोड्यांतून सर्वांत लहान निवडणे म्हणजे चार संधींतली सर्वांत अनुकूल संधी निवडणे, आणि सीमेवर जितक्या जोड्या अधिक, तितका हा झुकाव वाढत जातो.

निवृत्त प्राध्यापक

सरासरीलाही तोच दोष लावता येईल. चौथ्या जोडीत मेरोपेनेम ६४ म्हणजे त्याची स्वतःचीच एमआयसी आहे, तिथे कॉलिस्टिनने काहीच केलेले नाही. ती जोडी धरून सरासरी फुगवणे मला न्याय्य वाटत नाही. ती वगळली तर सरासरी ०.५५ येते. आणि मुळात दोन औषधांची सिनर्जी एखाद्या विशिष्ट प्रमाणातच असू शकते, ०.२५ आणि १६ हे ते प्रमाण असेल, तर सरासरी काढून आपण नेमके तेच झाकून टाकतो.

अतिदक्षता विभाग

माझा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. आमच्याकडे व्हेंटिलेटरवरील एका रुग्णाच्या श्वासनलिकेतील स्रावात हाच जंतू वाढला आहे आणि केवळ कॉलिस्टिन संवेदनशील आहे. येथील चर्चेवरून असे दिसते की मेरोपेनेम जोडल्यास कॉलिस्टिन पाव मात्रेत पुरेल. मूत्रपिंडाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होईल. मी हे चेकरबोर्ड आमच्या रुग्णासाठी करून घ्यावे काय?

सूक्ष्मजीवशास्त्र, धंतोली

डॉक्टरसाहेब, कृपया या आकड्यांवरून मात्रा कमी करू नका. ०.२५ ही वेलमधील ब्रॉथमध्ये सतत टिकून राहणारी, प्रथिनांचा अडसर नसलेली पातळी आहे, आणि तीही एका आयसोलेटपुरती. रुग्णाच्या फुप्फुसातील पातळीशी तिचे असे सरळ नाते नाही. शिवाय ही जोडी रुग्णांवर तपासली गेली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडा चाचणीत इस्राएल, ग्रीस आणि इटलीतील ४०६ रुग्णांना एकटे कॉलिस्टिन किंवा कॉलिस्टिनसोबत मेरोपेनेम देण्यात आले, त्यांतील बहुसंख्य संसर्ग असिनेटोबॅक्टरचेच होते, आणि १४ दिवसांनंतरच्या उपचार-अपयशात लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे त्याच चाचणीतील जंतूंची प्रयोगशाळेतील सिनर्जी तपासली गेली, तेव्हा सिनर्जी दाखवणाऱ्या जंतूंच्या रुग्णांना जोडीचा अधिक लाभ झाला असेही दिसले नाही. उपचाराचा निर्णय आपण आपल्या संसर्गतज्ज्ञांसोबत घ्यावा. चेकरबोर्ड त्या निर्णयाचा आधार होऊ शकत नाही.

अतिदक्षता विभाग

आपले म्हणणे लक्षात आले. तरीही हाती दुसरे औषध नसताना, अहवालात 'सिनर्जी' हा शब्द दिसला तर आमच्यापैकी किती जण तो बाजूला ठेवू शकतील, याविषयी मला शंका आहे. म्हणूनच तो शब्द सहज लिहिला जाऊ नये, एवढे मी म्हणेन.

बेंचवरची ताई

चर्चा गणिताची चालली आहे, परंतु ते आकडे प्लेटच्या कोणत्या भागातून आले हे कोणीच विचारलेले नाही. चेकरबोर्डच्या नेहमीच्या मांडणीत एकट्या औषधाच्या वेल काठावरच्या ओळीत आणि काठाजवळच्या स्तंभात येतात, आणि जोडीच्या वेल मधोमध असतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या नागपुरात हवा इतकी कोरडी असते की इनक्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे नसेल आणि प्लेटला सील नसेल, तर १८ तासांनंतर काठाच्या वेलमधील द्रवाची पातळी नुसत्या डोळ्यांनी खाली गेलेली दिसते. द्रव घटला की औषध दाट होते, आणि वाढ थांबण्याच्या उंबरठ्यावर असलेली वेल तेवढ्यानेही स्वच्छ होऊ शकते. तसे झाले तर एकट्या औषधाची एमआयसी एक पायरी कमी वाचली जाते, भागाकारातला छेद लहान होतो आणि एफआयसीआय विनाकारण वाढतो. म्हणजे ही चूक सिनर्जी लपवणारी आहे, हे शोधार्थ्याच्या बाजूने सांगते.

दुसरी बाब अशी की एकट्या औषधाची एमआयसी त्याच प्लेटवरची आहे ना? काही जण ती वेगळ्या प्लेटवरून किंवा स्वयंचलित यंत्राच्या अहवालातून घेतात. संपूर्ण प्लेटमध्ये औषधाचे द्रावण चुकून निम्म्या ताकदीचे झाले असेल, तर ते अंशात आणि छेदात सारखेच असल्यामुळे एफआयसीआय बिघडत नाही. परंतु छेद दुसऱ्या प्लेटवरचा असेल, तर ती चूक कटत नाही. चेकरबोर्डमध्ये प्रत्येक औषध ५० मायक्रोलिटर आणि जंतूंचे द्रावण १०० मायक्रोलिटर जात असल्यामुळे औषध चौपट दाट करून घ्यावे लागते, आणि साध्या एमआयसीच्या सवयीने ते दुप्पटच केले जाणे ही नेहमीची गफलत आहे.

शोधार्थी (नागपूर)

एकट्या औषधाच्या वेल त्याच प्लेटवरच्या आहेत आणि द्रावण चौपटच होते. काल मी दुसरी प्लेट वाचली. तिच्यात एकट्या मेरोपेनेमची एमआयसी पुन्हा ६४ आली, एकट्या कॉलिस्टिनची मात्र ०.५ आली, आणि जोडीची वेल तीच, ०.२५ आणि १६. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे ०.७५. परंतु ताईंचे म्हणणे वाचल्यावर मी ती प्लेट पुन्हा पाहिली. एकट्या कॉलिस्टिनचा स्तंभ १२ वा, म्हणजे अगदी काठाचा आहे आणि प्लेटला सील नव्हते. मग ०.७५ खरे मानावे की ०.५?

बेंचवरची ताई

दोन्हींतून निवडू नका, मांडणी बदलून तिसरी प्लेट लावा. ए आणि एच या ओळी, तसेच १ आणि १२ हे स्तंभ केवळ निर्जंतुक ब्रॉथने प्रत्येकी २०० मायक्रोलिटर भरा. ते वाफेचा मार सोसतील आणि दूषितीकरणही दाखवतील. बी ते जी या ६ ओळींत कॉलिस्टिन २, १, ०.५, ०.२५, ०.१२५ आणि शून्य बसते. २ ते ११ या १० स्तंभांत मेरोपेनेम १२८ पासून ०.५ पर्यंत आणि शून्य बसते. ०.०६ ची ओळ सुटते, पण तिथे तसेही काही घडत नव्हते. साधी, प्रक्रिया न केलेली पॉलिस्टायरीन प्लेट वापरा, कारण कॉलिस्टिन प्लॅस्टिकला चिकटते, आणि मेरोपेनेमचे द्रावण त्याच दिवशी करा. जंतूंचे द्रावण लावताना शून्य-शून्य वेलमधून थोडे घेऊन कॉलनी मोजा. वेलमध्ये मिलिलिटरला ५ लाखांच्या आसपास असायला हवेत. ते फार कमी भरले तर दोन्ही एमआयसी खाली येतात आणि आपण पुन्हा त्याच घोळात पडतो.

सूक्ष्मजीवशास्त्र, धंतोली

ताईंच्या मांडणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. वेगवेगळ्या दिवशी अशा किमान तीन प्लेट व्हाव्यात, आणि प्रबंधात एक आकडा न देता तिन्ही प्लेटच्या सीमेवरील सर्व जोड्यांचा तक्ता द्यावा. तिन्हींत ०.५ किंवा खाली आले, तर ०.२५ आणि १६ याच जोडीवर टाइम-किल करावे. २४ तासांनंतर जोडीच्या फ्लास्कमध्ये अधिक प्रभावी एकट्या औषधाच्या तुलनेत जंतू १०० पटींनी किंवा त्याहूनही अधिक पटींनी कमी असले, तर सिनर्जी लिहिण्यास माझी हरकत नाही.

निवृत्त प्राध्यापक

तक्ता देण्यास माझी पूर्ण संमती आहे. मात्र त्या तक्त्याखाली निष्कर्ष लिहिताना सर्वांत कमी एफआयसीआय की सरासरी, हे तिसरी प्लेट लावण्याआधीच लिहून ठेवावे, आणि माझे मत अजूनही सर्वांत कमी आकड्याच्या बाजूने आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र, धंतोली

आधी लिहून ठेवण्याची सूचना योग्यच आहे. निवडीबाबत आपले मतभेद कायम आहेत. शोधार्थ्याने दोन्ही स्तंभ द्यावेत, आणि ते वेगवेगळे बोलत असतील तर 'सिनर्जी सिद्ध नाही' असे लिहावे.