चहा, ग्लास आणि जेवणानंतरची सिगरेट : तलफ कशी परतवलीत? (अनुभव धागा)

दुपारपाखरू :
सिगरेट सोडून पाच महिने झाले, आधी दिवसाला बारा-तेरा व्हायच्या. सोडायच्या आदल्या आठवड्यात मी पाकिटाला कागद गुंडाळून ठेवला होता, प्रत्येक सिगरेट पेटवताना वेळ आणि त्याआधी काय करत होतो ते लिहायचो. त्यातनं कळलं की निम्म्या नुसत्याच ओढल्या जात होत्या, त्या सहज सुटल्या. अडून बसल्या त्या तीनच : अकराचा चहा, रात्रीचं जेवण आणि दारू.

चहाचं सांगतो. पहिले चार दिवस मी "दहा मिनिटं थांबू" असं ठरवून कप घेऊन त्याच कठड्यापाशी उभा राहायचो, बाजूला बाकीचे ओढतायत आणि मी घड्याळ बघतोय. ती दहा मिनिटं जाता जात नव्हती. मग क्रम उलटा केला. तलफ आली की आधी जागा सोडायची, दोन मजले चढून जायचं, पाण्याची बाटली भरून आणायची आणि मगच घड्याळ बघायचं. बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत जोर ओसरलेला असायचा. नाहीच ओसरला तर आणखी दहा मिनिटं, पण परत कठड्यापाशी नाही.

अजून एक म्हणजे हात. माझा कप कायम डाव्या हातात, कारण उजवा सिगरेटचा. तो उजवा हात रिकामा राहिला की खिशाकडेच जायचा, म्हणून आता कप दोन्ही हातांनी धरतो. ऐकायला किरकोळ वाटेल पण मला याचा फार उपयोग झाला.

तुम्ही काय केलंत ते लिहा, फसलं असेल तर तेही.

कोरा_कागद :
निकोटिन गमच्या नादी लागू नका एवढंच सांगेन. मी चहाबरोबर तोंडात टाकायचो, जोरजोरात चघळायचो, घसा जळायचा, उचक्या लागायच्या आणि तलफ होती तिथेच. आठव्या दिवशी पाकीट घेतलं.

औषधवाली :
कोरा_कागद, मी औषधाच्या दुकानात बसते आणि गम "चालला नाही" म्हणून परत येणाऱ्या बऱ्याच जणांचं नेमकं हेच झालेलं असतं. गममधलं निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून शोषलं जातं, पोटातून त्याचा फारसा उपयोग होत नाही. भराभर चघळलं की सगळं लाळेबरोबर गिळलं जातं, तुमच्या उचक्या आणि जळजळ त्यामुळेच. हळू चावायचं, तिखट झिणझिणी आली की थांबायचं आणि गम गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, झिणझिणी गेली की परत दोनचारदा चावायचं, असं अर्धा तास.

दुसरी चूक चहाची. कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक यांनी तोंड आंबट होतं आणि मग निकोटिन नीट शोषलं जात नाही. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना पाणी सोडून काही नको, चहासुद्धा नको. तुमचा चहा अकराला असेल तर गम साडेदहाला घ्या, अकराला काढून टाका आणि मग चहा प्या. म्हणजे चहा हातात येईल तेव्हा निकोटिन आधीच अंगात असेल. जेवणानंतर घ्यायचा तर खळखळून चूळ भरा आणि पंधरा मिनिटं जाऊ द्या.

आणि ताकद बघा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर साधारण ४ मिलिग्रॅमचा देतात, नाहीतर २ चा. हृदयाचं दुखणं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोरा_कागद :
उठल्यावर पाच मिनिटांत लागायची आणि मी २ चाच घेत होतो. हे कोणी सांगितलंच नव्हतं. परत सुरू करतो.

मध्यरात्र :
माझं मत, थांबणं वगैरे काही करू नका, सिगरेटची आठवण आली की एक कप चहा जास्त घ्या. मी तेच केलं, सिगरेट सुटली. फक्त हात थरथरतात, झोप उडालीय आणि छाती धडधडते पण ते निकोटिन बाहेर पडतंय म्हणून, होईल कमी.

औषधवाली :
मध्यरात्र, सिगरेट सुटली हे खरंच छान झालं पण ती थरथर सगळी निकोटिनची नसावी. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर मोडत असतं. धूर बंद झाला की काही दिवसांत तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहाचं कॅफिन अंगात जवळपास दुप्पट साठू शकतं. तुम्ही तर कप वाढवलेत! कप निम्मे करा, दुपारनंतर नको. ही बेचैनी पुष्कळांना तलफच वाटते आणि ते परत ओढतात. पण धडधड कमी झाली नाही किंवा छातीत दुखलं तर वाट बघू नका, दाखवून या.

गोडघाशी :
मला जेवणानंतर गोड लागतंच, त्यावर काय करावं?

दुपारपाखरू :
गोडघाशी, इथे सिगरेटचं चाललंय. पण खालचं वाचा, तुम्हालाही लागू पडेल कदाचित.

ओंजळ :
माझी जेवणानंतरची एकच होती, रात्री सगळं आवरून झालं की गॅलरीत. ती पाच मिनिटं फक्त माझी असायची म्हणून सोडवत नव्हती. मी आधी फक्त सिगरेट काढली आणि गॅलरीत तशीच जाऊन बसले, तर रडू यायचं. मग जेवण संपतानाच बदल केला. शेवटचा घास झाला की ताटावर रेंगाळायचं नाही, लगेच ब्रश, पुदिन्याची पेस्ट. त्या चवीवर सिगरेट कडू लागणार हे जिभेला माहीत असतं. मग चपला घालून खाली, पंधरा मिनिटं एकटीने चालायचं. भांडी नंतर. म्हणजे माझा वेळ मला राहिला. गॅलरीतली खुर्ची महिनाभर आत ठेवली होती. तीनेक आठवड्यांनी जेवण झालं की पाय आपोआप चपलांकडे जायला लागले.

पाहुणे आले की मात्र हे सगळं कोलमडतं, त्यावर मला अजून काही सापडलेलं नाही.

सातवा_मजला :
मी दारूवर पडलो. ४७ दिवस एकही नाही, निकोटिनचा पॅच दंडावर, एका पार्टीत पहिल्या ग्लासला काहीच वाटलं नाही म्हणून निर्धास्त झालो, दुसऱ्याच्या अर्ध्यावर कोणीतरी पाकीट पुढे केलं आणि मी घेतली पण, म्हणजे ठरवून नकार द्यायचा असतो हेच डोक्यात आलं नाही. दहा मिनिटं थांबायचं हे शुद्धीत जमतं, पिऊन नाही. दुसऱ्या दिवशी पाकीट न घेता परत सुरुवात केली. आता दोन महिने पार्टीला स्वतःची गाडी नेतो, म्हणजे प्यायचीच नाही, आणि हातात बर्फ-लिंबू घातलेला सोडा.

दुपारपाखरू :
मी सहा आठवडे पूर्ण बंद ठेवली होती, नंतर फक्त घरी, न ओढणाऱ्यांबरोबर, एकच ग्लास. मला चाललं.

सातवा_मजला :
मला एकावर थांबता येत नाही, त्यामुळे माझ्यासाठी बंदच.

औषधवाली :
दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल. फक्त जे रोज भरपूर पितात त्यांनी दारू एकदम तोडू नका, थरथर, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

वाटसरू :
मी ओढत नाही, दाढेशी तंबाखू धरतो, जेवण झालं की लगेच. गम त्याच जागी दाबून ठेवू की दुसऱ्या गालात? त्याच जागी ठेवला तर तंबाखूचीच आठवण येते, दुसरीकडे ठेवला तर काही ठेवल्यासारखंच वाटत नाही.

औषधवाली :
दुसऱ्या गालात ठेवा आणि बाजू बदलत राहा. पण रोजच्या जागी पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं असं काही आहे का? असेल तर गमच्या आधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा.

वाटसरू :
पांढरं आहे थोडं. उद्या जातो.