मदत हवी आहे: फोटोतली रासायनिक समीकरणं साध्या मजकुरात कशी आणायची?

दहावी-बारावीच्या मुलांसाठी जुन्या पुस्तकातली समीकरणं टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवायची आहेत. पानाचा फोटो काढून मोबाईलवर मजकूर उचलला. मराठी परिच्छेद बरे आले, समीकरणांची मात्र वाट लागली. छापलेलं समीकरण आणि हाती आलेलं, दोन्ही देतो:

```
2KMnO₄ → K₂MnO₄ + MnO₂ + O₂
2KMn04 - K2Mn04 + Mn02 + 02
```

ऑक्सिजनच्या O चं शून्य झालं, बाणाची नुसती रेघ उरली आणि बाणावरचं 'उष्णता' थेट वरच्या ओळीत जाऊन बसलं. हे अणू मोजून पकडता येतं: दोन्हीकडे K 2, Mn 2, O 8 भरले की निश्चिंत. बाण → किंवा -> असा हाताने घालतो, 'उष्णता' शेवटी कंसात लिहितो.

खरी अडचण आयनांची आहे. सल्फेट `SO42-` असं येतं. यातला 4 खालचा आणि 2- वरचा, हे मला कळतं, मुलांना कसं कळणार? सध्या `SO4^2-` लिहितोय. `SO₄²⁻` दिसायला सुरेख, पण एका मुलाच्या जुन्या फोनवर त्यातल्या वजाच्या जागी चौकोन दिसला.

तुम्ही प्रभार कसा लिहिता? आणि ⇌ चा साधा → झाला तर तो कसा ओळखता? तिथे अणू मोजून काहीच हाती लागत नाही. साठेक पानं आहेत, प्रत्येक बाण पुस्तकाशी ताडून पाहण्यावाचून दुसरी वाट आहे का?